शनिवारचे सहा अंक

माझी मुलगी नेदरलँड्समध्ये बियाण्यांवरचा अभ्यासक्रम करायला गेली, त्याआधी ती जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत नोकरीला होती. दीड वर्षाची रजा मंजूर झाली होती. जाताना मी तिला माझ्या क्रेडिट कार्डाला जोडलेलं दुसरं कार्ड काढून दिलं. अशा कार्डाचा ओटीपी मूळ कार्डधारकाच्या मोबाइलवर येतो, म्हणजे माझ्या. तिकडे तिचं स्वतःचं खातं महिनाभरात उघडलं, तरी किराणा माझ्याच कार्डावर घे, असं मी सांगितलं. तिने वाद घातला नाही.

शनिवारी दुपारी ती तिकडच्या एका ऑनलाइन दुकानातून तूरडाळ, ज्वारीचं पीठ, शेंगदाणे मागवायची. पैसे भरायच्या वेळी फोन यायचा.

"पप्पा, आला का?"

"आला. चार, सात…"

"जरा जल्दी. बातम्या वाचून राह्यलात का? टाइम संपून राह्यला."

सहा अंक सांगून झाले की फोन लगेच बंद होत नसे. जेवण काय केलं, कुंडलिका नदीला पाणी आहे का, शेजारच्या काकूंचा गुडघा कसा आहे, असं थोडं बोलणं व्हायचं. पत्नीच्या निधनानंतर घरात मी एकटाच असतो. वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यापासून कामाचे फोन जवळपास थांबले आहेत. आठवड्यातला हा एक फोन नक्की यायचा, कारण त्याशिवाय तिची डाळ येत नव्हती.

मग एका शनिवारी ओटीपी आला नाही. थेट खर्चाचा संदेश आला. दुकान तेच, रक्कम नेहमीसारखीच. कुणीतरी कार्ड वापरलं असा संशय येऊन मी तिला फोन लावला. तिने उचलला नाही. थोड्या वेळाने तिचा संदेश आला: "मीच घेतलं. आज ओटीपी मागितलाच न्हाई. बरं झालं, तुम्हाला त्रास न्हाई."

पुढच्या शनिवारी तेच झालं. त्यानंतरच्याही.

सोमवारी मी बँकेत गेलो. कार्डाचं काम पाहणारी अधिकारी तरुण होती, अंबडहून रोज बसने ये-जा करायची. तिने माझं म्हणणं पूर्ण ऐकलं.

"काका, लोक ओटीपी कशाला मागता म्हणून भांडायला येतात. तुम्ही ओटीपी येत न्हाई म्हणून आलात?"

"पैसे सुरक्षित आहेत का, एवढं विचारायला आलो."

"बराबर. बसा."

तिने कार्ड विभागाला फोन लावला. बोलणं बरंच चाललं. फोन ठेवून तिने एका कोऱ्या कागदावर तीन चौकोन काढले: दुकान, मध्ये कार्ड कंपनीचं नेटवर्क, शेवटी आपली बँक.

"तिकडचं दुकान पैसे मागताना नुसता कार्ड नंबर पाठवत न्हाई. कोणत्या मोबाइलवरून मागवलं, त्याची भाषा कोणती, इंटरनेट कुठलं, माल कोणत्या पत्त्यावर जाणार, किती रुपयांचा, हे सगळं या मधल्या वाटेनं आपल्या बँकेच्या पडताळणीच्या कॉम्प्युटरकडे येतं. तो ते मागच्या व्यवहारांशी ताडून बघतो. तोच मोबाइल, तोच पत्ता, तेच दुकान, तेवढीच रक्कम, म्हणजे धोका कमी. मंग तो विचारत न्हाई, पुढं सोडतो. काही वेगळं दिसलं की ओटीपी मागतो. फारच वेगळं दिसलं तर न्हाईच म्हणतो. तुमचे तिन्ही व्यवहार या पडताळणीतून गेलेत. कमी धोका म्हणून सोडलेत."

"मग इथे औषधं मागवली की मला ओटीपी येतोच की."

"देशातल्या दुकानाला दुसरी खात्री, म्हणजे ओटीपी, घ्यावीच लागते, काही ठरावीक सवलती सोडल्या तर. बाहेरच्या दुकानाचं तसं न्हाई. तिथं बँकेला धोका बघून ठरवता येतं."

"सुरुवातीला तिथेही येत होता."

"तेव्हा मोबाइल नवा, देश नवा, पत्ता नवा. आता ओळख झाली."

"पुन्हा यायला काय करावं लागेल?"

तिने पेन खाली ठेवलं. "ते ग्राहकाच्या हातात न्हाई, काका. कशाला किती वजन देतात ते आम्हालाही सांगत न्हाईत. तुमच्या हातात एकच. ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहारांचं बटण आहे. ते बंद केलं तर ओटीपी न्हाई येणार, व्यवहारच अडकंल." ती हसली. "फोन मात्र लगेच येईल बघा. शिव्या घालायला."

मी हसलो नाही. तिच्या ते लक्षात आलं असावं. तिने चहा सांगितला.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी मी ॲप उघडून ते बटण शोधून ठेवलं. हिरवं होतं. एकदा दाबलं की करडं होणार, ती दुकानात अडकणार, फोन येणार. अडीच वाजता खर्चाचा संदेश आला. बटण हिरवंच होतं. मी ॲप बंद केलं.

पुढे तीन महिने शनिवारी फक्त संदेश आले. दुकानाचं नाव आणि रक्कम. काय घेतलं ते त्यात नसतं. फोन महिन्यातून एखादा, तोही ती घाईत असताना.

मग पावसाळ्यातल्या एका शनिवारी ओटीपी आला. पाठोपाठ फोन.

"पप्पा, आला का?"

"आला. मोबाइल बदललास का?"

"न्हाई. अंक सांगा ना."

"मग पत्ता बदललास."

मागे कुठेतरी घंटा वाजत होती, सायकलची असावी.

"तुम्हाला कसं कळलं?"

"बँकेने विचारलं म्हणून कळलं."

"आधी अंक सांगा, मंग सांगते. टाइम संपंल."

मी अंक सांगितले. सावकाश, पण न थांबता. तिने ते टाकले, माल मागवला गेला, आणि ती सांगू लागली. अभ्यासक्रम संपल्यावर तिथेच एका प्रयोगशाळेत काम मिळालं होतं. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातून ती दुसऱ्या गावात राहायला गेली होती. घराचा करार दोन वर्षांचा होता. जालन्याच्या कंपनीला राजीनामा कळवून झाला होता.

"सांगणारच होते. प्रत्येक वेळी वाटायचं, पुढच्या फोनला सांगू."

"पुढचा फोन कुठे होता?"

"तेच की," ती म्हणाली.

मग मी विचारलं, नव्या घरात सूर्य कुठून येतो. तिने सांगितलं, स्वयंपाकघरातून, सकाळी. त्या दिवशी आम्ही पुष्कळ वेळ बोललो.

पुढच्या शनिवारी ओटीपी पुन्हा आला, त्यानंतर आणखी एकदा. फोन दोन्ही वेळा आले, दोन्ही लहान. तिसऱ्या शनिवारी मी जेवण आटोपून मोबाइल समोर ठेवून बसलो. अडीचच्या सुमारास खर्चाचा संदेश आला. ओटीपी नव्हता. पडताळणीला नवा पत्ता ओळखीचा झाला होता. ती तिथे राहते, हे बँकेने मान्य केलं होतं.

मी तिला फोन लावला. बराच वेळ वाजला, मग तिने उचलला.

"काय झालं पप्पा? पैसे गेले न्हाई का?"

"गेले."

"मंग?"

सांगायला अंक नव्हते.

"काय काय मागवलं, ते सांग," मी म्हणालो.

तिने यादी वाचायला सुरुवात केली.