सबबी खोडलेलं पत्र

केसरबाईंनी मला मदत केली, हे आधी सांगतो. कशात केली ते मागाहून. कारण मागे एकदा सोबत्यांना सांगताना मी आधी हकिकत सांगत बसलो आणि त्यांचं नाव घ्यायचं राहूनच गेलं… आता त्या नाहीत. चैत्रात वारल्या. कारंज्याहून कापूस भरून आलेला गाडीवान वाशीमच्या आमच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, बैल सोडता सोडता म्हणाला, "तुमची ते केसरबाई गेली नं, भाऊ. तुमाले मालूम नायी काय?" मी हातातली पावती त्याला दिली आणि उगाच परत मागितली. पुन्हा दिली. मला काहीच माहीत नव्हतं. त्याला महिना होऊन गेला, आणि अजून मी कारंज्याला जाऊन आलेलो नाही.

मी मूळचा राजापूरकडचा. मराठी चौथीनंतर शाळा सुटली, घरात मिळवता हात हवा होता. एका ओळखीच्या माणसाच्या शब्दावर इतक्या लांब वऱ्हाडात आलो आणि कारंज्याच्या एका जिनात फाटकावर कापसाच्या गाड्या लिहून घ्यायला लागलो. तेव्हा इथली भाषाही मला धड कळत नसे. केसरबाई म्हणजे बाजाराच्या कडेला किराणा दुकान चालवणारी जैन विधवा. दुकानामागची खोली त्यांनी मला राहायला दिली. मांस-मच्छी नाही आणि दिवस बुडाल्यावर चूल नाही, एवढ्या दोनच अटी. समुद्रकाठच्या माणसाला पहिली अट जड गेली, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. "मासोळीची याद येऊन राह्यली काय?" असं विचारून त्या गालात हसत आणि वर गरम भाकरीवर तेल-तिखट घालून देत. मी त्यांना बाई म्हणायचो. त्या मला भाऊ म्हणत, रागावल्या की बावा.

आमची पहिली मुलगी शकू दीड वर्षाची होऊन तापानं गेली. मी इथं होतो. मुंबईहून बोट धरून घरी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. आमच्याकडे एवढ्या लहान मुलाचं श्राद्ध करत नाहीत. दिवस घालत नाहीत, पान वाढत नाहीत. घरात नावही काढत नाहीत, आईच्या जिवाला त्रास नको म्हणून. आई, धाकटा भाऊ गणू, शेजारपाजार, सगळे तसेच वागले आणि चांगल्या मनानंच वागले. परत निघताना जानकी, माझी बायको, बोटीच्या धक्क्यापर्यंत आली. म्हणाली, "तिचं वर्ष कोणी करणार नाही. निदान त्या तिथीला तुम्ही या. वाडीतल्या एखाद्या पोरीला आपण दोघं दूधभात घालू. तुमच्या-माझ्याशिवाय ती आता कोणाला आठवते?" मी येतो म्हटलं. नुसतं येतो नाही, नक्की येतो म्हटलं.

ती मार्गशीर्षातली तिथी मी विसरलो.

त्या दिवशी मी काय करत होतो हेही मला पक्कं ठाऊक आहे. जिनातल्या मंडळींबरोबर कामरगावच्या वाटेवरच्या एका वावरात हुरडा खायला गेलो होतो. तोंडं काळी होईस्तोवर कणसं खाल्ली, गाणी म्हटली. परत येताना कोणीतरी माझ्या बोलण्याची नक्कल केली तर मीच सगळ्यांत जास्त हसलो. त्यानंतर काही दिवसांनी गणूचं कार्ड आलं. चार ओळी ख्यालीखुशाली, आणि खाली कोपऱ्यात दाटीनं लिहिलेलं: 'वहिनी दोन दिवस बोटीच्या वेळेस धक्क्यावर जाऊन बसत होत्या. कोणाशी बोलल्या नाहीत. आता माहेरी जाते म्हणतात. आईने पौष संपेपर्यंत थांबविले आहे.'

कार्ड वाचलं आणि दुकानाच्या पायरीवरच बसलो. बाई मूग निवडत होत्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. वाटलं होतं, असं होतं भाऊ, म्हणतील. त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "पत्र लिव."

दुसऱ्या दिवशी बाजार बंद होता. दुपारी मी लिहून आणलं आणि त्यांना वाचून दाखवलं. बाईंना अक्षरओळख नव्हती, पण कान फार तयार. मी चांगली दोन पानं लिहिली होती. सुरुवात रीतीप्रमाणे आईला साष्टांग नमस्कार, मग 'सौ. जानकी हिस अनेक आशीर्वाद', मग हंगाम जोरात आहे, गाड्यांची रांग संपत नाही, यंदा अधिक महिना आल्यामुळे तिथी लांबली, इंग्रजी तारखेवर नोकरी असल्यानं माझा हिशोब चुकला…

"थांब," बाई म्हणाल्या. "माफी मागून राह्यला नं तू? मंग आशीर्वाद काहून देतो? वरून खाली हात ठेवशील डोक्यावर, अन् माफी मागशील?"

"बाई, बायकोला तसंच लिहितात."

"लिवत असतीन. हे पत्र तसं नायी."

आशीर्वाद खोडला. आईच्या नावचा मायनाही त्यांनी काढायला लावला. त्याचं पत्र निराळं लिव, म्हणाल्या. नवऱ्यानं थेट बायकोच्या नावानं पत्र टाकणं आमच्याकडे तेव्हा जरा आगाऊपणाचंच होतं. तरी तोही मायना खोडला.

"अन् थो अधिक महिना," बाई म्हणाल्या, "तिच्या घरी नोयता आला काय?"

"आला होता."

"तिले तिथी सापडली नं?"

सापडली होती. अधिक महिनाही खोडला. हंगामावर आलो. बाईंनी विचारलं, मालकाला रजा मागितली होती काय. नव्हती. मागितली असती तर मिळाली असती काय? मिळाली असती. "मंग हंगामाचं काय लिवतो? हंगाम विसरला काय तिले? तू विसरला."

मी जरा चिडूनच म्हटलं, "मग लिहू तरी काय? सगळंच खोडलं तर कागद कोरा राहील."

"जे झालं ते लिव. तू काय कबूल केलं होतं, ते लिव. तू आला नायी, ते लिव. अन् तिथं तिच्यावर काय बेतली, ते लिव. तुह्यावर काय बेतली ते नोको लिवू." मग सुपातला खडा उचलून बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "आमच्यात पर्युषण सरलं की आमी घरोघर जाऊन माफी मागतो. थ्या वक्ताले कोनी म्हनते काय, मी तुले बोललो, पन तू बी बोलला होता? पन म्हटलं की गेली माफी पान्यात."

हुरड्याचं मी लिहिलंच नव्हतं. ते त्यांना कसं कळलं कोण जाणे… बहुधा माझ्या शर्टाला लागलेली काजळी धुताना दिसली असेल. त्यांनीच विचारलं, थ्या दिवशी तू कुठं होता? मी सांगितलं. लिहू नये असं माझं म्हणणं होतं, तिला जास्तच लागेल. बाईंनी सूप एकदा पाखडलं. "लागल," म्हणाल्या. "पन उद्या दुसऱ्याच्या तोंडून समजलं तं आजचं सारंच पत्र लबाड होईन. लिव. हासत होतो म्हनून बी लिव."

शेवटी मी 'मला क्षमा कर आणि लगेच उत्तर पाठव' असं घातलं होतं. तेही गेलं. "तिले काहून घाई करतो? माफी मागनं तुह्या हाती हाय. देनं तिच्या हाती. कधी देते, देते का नायी, तिचं तिले पाहू दे."

राहता राहिली एक अडचण. जानकीला वाचता येत नव्हतं, पत्र गणूच वाचणार. बंद पाकिटात घालून त्याला एकट्याला वाचायला सांगावं, असं मी म्हटलं. बाईंनी विचारलं, "वाट कोनासमोर पाह्यली तिनं?"

"सगळ्यांसमोर. सगळ्या बंदरानं पाहिलं असणार."

"मंग तुही चूक बी साऱ्यांसमोर वाचू दे."

असं ते पत्र शेवटी अर्ध्या पानाचं झालं. मला ते अजून तोंडपाठ आहे.

'जानकी, शकूच्या वर्षाच्या तिथीला मी येतो असे तुला धक्क्यावर सांगितले होते. मी विसरलो. रजा मिळत होती, मी मागितली नाही. त्या दिवशी मी हुरडा खात होतो आणि हसत होतो. तू दोन दिवस बोटीची वाट पाहिलीस. शकूची आठवण ठेवणारी आपण दोघेच होतो, त्यात तुला मी एकटे टाकले. हे माझ्या हातून वाईट झाले. गेलेला दिवस मला परत आणता येत नाही. पुढच्या मार्गशीर्षात मी येईन. हे पत्र गणूने आईसमोर मोठ्याने वाचावे.'

पुढे जे झालं ते गणूनं मला पुढच्या साली सांगितलं. त्यानं पडवीत बसून पत्र वाचलं. जानकी चुलीपाशी होती, तिथूनच ऐकत होती. शकूचं नाव त्या घरात वर्षभरानं पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं गेलं. वाचून झालं. मग आई उठली. रीत, शास्त्र, सगळं सांभाळणारी माझी आई. तिनं आत जाऊन भाताची तपेली उतरवली आणि म्हणाली, "जानके, उठ गो. शेजारच्या यमीक हाक मारून घेवन ये. शकूच्या नावान दूधभात घालूया. तिथी गेली तर गेली." आणि मग पदर तोंडाला लावून आईच आधी रडली.

जानकी माहेरी गेली नाही. पण मला माफ केलं असंही ती म्हणाली नाही. पौष गेला, माघ गेला. उत्तर नव्हतं. फाल्गुनात गणूच्या कार्डावर एक ओळ आली, 'वहिनी म्हणतात, मार्गशीर्षात या.' एवढंच. मी गेलो. तेव्हापासून दर साली आम्ही दोघं ती तिथी पाळतो, आता इथं वाशीमलाच. तरी ते पहिलं वर्ष गेलं ते गेलंच. दूधभात कालवताना जानकीचा हात एक क्षण थांबतो तेव्हा मला धक्का दिसतो, आणि त्यावर बसलेली ती. मी विचारत नाही. विचारायचा हक्क त्या पत्रातच मी सोडला होता.

बाईंनी मला त्या पत्राबद्दल एकदाच विचारलं, "पोचलं काय?" मी म्हटलं, "पोचलं." लाजेनं म्हणा, पुढचं सांगितलं नाही. आई उठली, नाव घेतलं, यमीला हाक मारली, यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनीही खोदून विचारलं नाही. नंतर माझी बदली वाशीमला झाली, निघताना त्यांनी तिळाचे लाडू बांधून दिले. मी नमस्कार केला, पुन्हा येतो म्हटलं. तेही येणं राहिलं. अंतर फार नव्हतं. गेलो असतो तर जाता आलं असतं.

हे लिहून झाल्यावर मी जानकीला वाचून दाखवलं. हे वर्तमानपत्राच्या पुरवणीवाले छापतील का, माझं शुद्धलेखन चालेल का, अशी मला धास्ती. तिला त्याचं काही नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटत होतं, पत्र तुम्हीच लिहिलंत."

बाई, तुमचं दुकान आता तुमचा पुतण्या चालवतो म्हणे. मी येईन. जानकीलाही आणीन. तुमच्या पायरीवर उभं राहून अख्खी हकिकत सांगेन, जी तुम्ही असताना सांगायची होती. तुमचं देणं त्यानं फिटणार नाही, पण फेडायला सुरुवात तरी होईल. उशीर का झाला, ते मात्र सांगणार नाही.