पोट आत, पाठ जमिनीला

संस्थानं विलीन होऊन सहा-सात वर्षं झाली होती. मी देवासच्या शाळेत ड्रिलमास्तर होतो. मुलांना दिवसभर ओरडून सांगायचो, "छाती पुढे! कंबर ताठ!" आणि माझी स्वतःची कंबर मात्र गेलं वर्षभर दुखत होती. बायकोला ते ठाऊक होतं, बाकी कुणाला मी कळू दिलं नव्हतं. ड्रिलमास्तरची कंबर दुखते हे ऐकून कोण हसणार नाही?

पुढे कळ डाव्या मांडीतून पोटरीत उतरू लागली. फर्लांगभर चाललो की पाय शिशाचा व्हायचा. पुढे वाकून उभा राहिलो की दोन मिनिटांत बरं वाटायचं. म्हणून मी वाटेत थांबून बुटाची नाडी बांधायचो. एका शेजाऱ्यानं कळवळून विचारलं, "मास्तर, नवे बूट का घेत नाही?"

कुणीतरी धारच्या एका मालिशवाल्या पहिलवानाचं नाव सुचवलं. मी लगेच बस धरली. त्यानं मला पालथं घातलं, कमरेत गुडघा रोवला आणि म्हणाला, "भिया, बस एक झटका, सब बैठ जाएगा." झटका बसला. मीच उठू शकलो नाही. तरी शाळेत येऊन सांगितलं, पहिलवान फारच चांगला आहे.

शेवटी बायकोनं मला इंदूरला नेलं. हाडांच्या डॉक्टरांनी आधी टाचांवर आणि चवड्यांवर चालवून बघितलं, मग एक्स-रे काढला. त्याची फिल्म उजेडासमोर धरून ते म्हणाले, "हा मणका बघा, खालच्यावरून पुढे घसरलाय. मागे वाकलात की शिरेवर दाब येतो. चक्रासन करता का?"

"रोज. मुलांना दाखवायला."

"बंद. उड्या बंद, ओझं बंद, कमरेतून पिळणं बंद. मालिशवाल्याचा गुडघा तर कायमचा बंद. आणि लघवी अडली किंवा पाऊल उचलेनासं झालं तर त्याच दिवशी इथे यायचं."

"मग व्यायाम कोणता?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

त्यांनी मला उताणं झोपवलं, गुडघे वाकवायला लावले आणि कमरेखाली आपला हात सरकवला. "पोट आवळा, माझा हात कमरेनं दाबा. श्वास कोंडायचा नाही. पाच मोजा, सोडा." मी श्वास कोंडून लालबुंद झालो. रोज दोनशे जोर मारणाऱ्याला एवढंसं जमेना! हे पक्कं बसलं की मग एक-एक पाऊल जमिनीवरून उचलायचं, तेही कंबर न हलवता. वर एक कॅनव्हासचा पट्टा मिळाला, काही आठवडेच वापरायचा.

घरी सतरंजीवर मी तो व्यायाम करू लागलो. बायको दारातून म्हणाली, "अहो, सुरू कधी करणार?"

"चाललाय."

"मला वाटलं डुलकी लागली."

दीड महिन्यात कळ पोटरीतून वर मांडीपर्यंत ओसरली. मी बरा झालो असं मीच ठरवून टाकलं. त्याच सुमारास शाळा तपासायला साहेब आले. एका मुलाचं चक्रासन वाकडं पडलं आणि मला राहवलं नाही. "असं नाही, असं," म्हणत मी मागे वाकलो. कमान सुरेख झाली. साहेबांनी वाहवा केली. मग ते पुढच्या वर्गाकडे वळले, तरी मी कमानच! उठताच येईना. हेडमास्तर आणि शिपायानं मला एका अंगावर आडवं केलं आणि बाकावर घालून घरी पोचवलं.

दोन दिवस पडून होतो, मग डॉक्टरांनी निरोप पाठवल्याप्रमाणे थोडं-थोडं चालू लागलो. त्या दिवसांत बायकोनं सतरंजी आपणहून अंथरून ठेवली, तेच मला जास्त लागलं. नंतर मात्र मुकाट्यानं सतरंजीवर पडून पाच-पाच मोजले. हेडमास्तरांना खरं सांगितलं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि आसनं दाखवायचं काम एका तरुण मास्तरांकडे सोपवलं. पहिल्या दिवशी त्या खुर्चीत बसताना मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं.

वर्षानं पुन्हा एक्स-रे काढला. मणका होता तिथेच होता.

"म्हणजे जागेवर गेलाच नाही?" मी हिरमुसलो.

"जाणारही नाही. पण पुढे सरकला नाही, आणि तुम्ही आता मैलभर चालता. पोटाचे-पाठीचे स्नायू सांभाळून घेताहेत. आम्ही यालाच बरं म्हणतो."

परतीच्या बसला इंदुरात घेतलेली ट्रंक टपावर चढवायची होती. हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला आणि कंडक्टरला म्हणालो, "भिया, जरा चढवून देता का? माझा मणका सरकलाय." त्यानं ट्रंक चढवली, माझ्या शेजारी येऊन बसला आणि देवास येईपर्यंत मला आपल्या मूळव्याधीची सगळी हकिगत सांगितली.