लीलाचं पूर्ण नाव

लीला मोहिते आमच्या शेजारची. कडेगावात त्यांचा थोडा ऊस, दोन म्हशी आणि नवरा फौजेत. लग्नाआधी मॅट्रिक झालेली. लग्नानंतर सासूच्या मागे लागून टायपिंगची परीक्षाही पास झालेली. साखर कारखान्यात कारकुनाची जागा निघाली तसा तिनं अर्ज टाकला, आणि मुलाखतीचं बोलावणं आल्यावर तिचं जेवणच सुटलं.

"वैनी, मुलाखतीत नेमकं करतात तरी काय?" ती मला विचारायची. मी कॉलेज शिकलेली खरी, पण मुलाखत कधी दिलीय कुणी! मी म्हटलं, "ज्यांनी बोलावलंय त्यांनाच विचार की."

तिनं खरंच कार्ड लिहून विचारलं. कारखान्याचे लेबर ऑफिसर श्रेणिक मगदूम यांचं दोन पानी उत्तर आलं. मला वाटलं होतं, येऊन येऊन एक ओळ येईल.

"सौ. लीलाबाईंस," त्यांनी लिहिलं होतं, "घाबरू नये. सकाळी लेखी परीक्षा: हजेरी-पगाराची साधी गणितं, एक मराठी अर्ज, थोडं इंग्रजी. मग टायपिंग. वेगासाठी धावू नये, चुका मोजल्या जातात. यातून निवडलेल्यांना दुपारी कमिटीपुढे बोलावतात. चेअरमन, मॅनेजर, ऑफिसचे हेडक्लार्क आणि मी असू. येत नसेल ते येत नाही म्हणावं, कुणी रागावत नाही. त्यानंतर निवड झालीच तर कारखान्याचे डॉक्टर तपासतील, आणि पहिले सहा महिने उमेदवारी. मूळ दाखले आणावेत. आपल्या दाखल्यांवर माहेरचं नाव आहे, तेव्हा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असा सरपंचांचा दाखला लागेल. कमिटी पहिला प्रश्न पूर्ण नावाचाच विचारते, आणि ते आपल्या तोंडून ऐकते. विवाहित भगिनी इथेच अडतात. घरी मोठ्यानं म्हणून पाहावं."

गणितं तिनं माझ्या ओट्यावर बसून केली. टायपिंगला बोटं चालत होती. अडलं ते शेवटच्या ओळीवर. नवऱ्याचं नाव तिनं आजवर घेतलं नव्हतं. उखाण्यात एकदा घेतलं तेही मुंडी खाली घालून.

"मी अध्यक्ष. बोला बाई, नाव?" मी म्हणायची.

"लीला..." आणि पुढं नुसतं हसू.

तिची सासू रंगूबाई शेंगा फोडत बसली होती. ती वैतागली. "आगं, कारखान्यात उखाणा घेणार हाईस व्हय? म्हण की सरळ!"

"तुमी घ्याल का मामंजींचं नाव?"

रंगूबाईनं हातातली शेंग सुपात टाकली, पदर सावरला आणि भिंतीकडं तोंड करून ओरडली, "कोंडीबा!"

गोठ्यातून सासऱ्यांचा आवाज आला, "काय गं? हाक मारलीस?"

"न्हाई, म्हस हाकलली!"

आम्ही तिघी पोट धरधरून हसलो. त्या हसण्यातच लीलाच्या तोंडून नाव निसटलं. मग चुलीपाशी, विहिरीवर, ती पुटपुटतच राहिली.

मुलाखतीला सोबत कोंडीबा गेले. सून एकटी कशी पाठवायची? लेखी झालं, टायपिंग झालं, दुपारी तिचं नाव पुकारलं. कमिटीच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि दाराबाहेरच्या बाकावर पटका बांधून सासरे बसलेले.

"पूर्ण नाव सांगा," चेअरमन म्हणाले.

लीलाची नजर दाराकडं गेली. सासूपुढं म्हटलं होतं, माझ्यापुढं म्हटलं होतं. सासऱ्यांच्या कानावर मात्र नाव पडू द्यायचं नव्हतं. "लीलाबाई," ती म्हणाली, आणि थांबली. हेडक्लार्कनं दाखल्यावरचं माहेरचं नाव बघून भुवई उचलली. "बाई, नक्की तुमचाच ना हा दाखला?"

कमिटीत बसून उत्तर सुचवणं मगदूमसाहेबांना शक्यच नव्हतं.

बाहेर कोंडीबांना सगळं ऐकू येत होतं. ते उठले, मोठ्यानं खाकरले आणि शिपायाला म्हणाले, "गड्या, तंबाकू थुकायची हाय. लांब कुठं जागा?"

"हितंच थुका की, आजोबा, कोपऱ्यात."

"न्हाई न्हाई. लांबच बरं."

वहाणांचा आवाज पार उसाच्या गव्हाणीकडं जाईपर्यंत लीला थांबली. मग घसा मोकळा केल्यासारखी एका दमात म्हणाली, "लीलाबाई कृष्णात मोहिते! माहेरची लीला ज्योतिबा यादव. सरपंचांचा दाखला जोडलाय."

इतक्या मोठ्यानं, की शिपायानं आत डोकावून पाहिलं. चेअरमन म्हणाले, "बसा, बसा, ऐकू आलं."

तिला जागा मिळाली. परतीच्या एस.टी.त कोंडीबांनी फक्त एवढंच विचारलं, "झालं का समदं सांगून?" आणि ती "व्हय मामंजी" म्हणाली.

आता उमेदवारांना जाणारं माहितीचं पत्र लीलाच टाइप करते. मगदूमसाहेबांनी त्यात एक ओळ वाढवलीय. ती दाखवायला पत्राची जादा प्रत घेऊन ती माझ्या ओट्यावर आली होती: "सोबत आलेल्या वडीलधाऱ्यांनी कृपया फाटकाजवळच्या झाडाखाली बसावे. तेथे पाण्याची व चहाची सोय आहे."