म्हणीला प्रसंग लागतो

वाक्प्रचार आणि म्हण यांतला फरक मला ज्या सरांनी शिकवला, त्यांच्याइतकं चांगलं शिकवणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. त्यांच्याइतकं दुष्ट माणूसही फारसं भेटलं नाही. वयाबरोबर माणसाने क्षमा करावी म्हणतात. ज्यांना जमते त्यांनी खुशाल करावी.

महाडच्या हायस्कुलात ते मराठी शिकवत आणि इंग्रजीही शिकवत. मूळचे घाटावरचे. इस्त्रीचा कोट, काळी टोपी, आणि आम्ही पोलादपूरकडच्या मुलांनी तोंड उघडलं की त्यांच्या नाकाला पडणारी ती बारीक आठी. फळ्याच्या मधोमध रेघ ओढून त्यांनी डावीकडे लिहिलं, ‘दातओठ खाणे’, आणि उजवीकडे, ‘आपलेच दात, आपलेच ओठ’.

“दात तेच, ओठ तेच. मग फरक काय?”

आम्ही फळ्याकडे बघत राहिलो. ते खुशीत आले, कारण आम्हाला येत नसलं की त्यांना बरं वाटे. म्हणाले, “डावीकडचा नुसता तुकडा आहे. त्याला कोणीतरी माणूस द्या, तरच तो चालेल. मामा दातओठ खातो, मामी दातओठ खाईल, काल सगळ्यांनी दातओठ खाल्ले. माणूस बदला, काळ बदला, तो मुकाट बदलतो. हा वाक्प्रचार. उजवीकडची मात्र स्वतःच पुरी आहे. तिचे शब्द हलवायचे नाहीत. आपल्याच माणसाने घात केला आणि बोलायची सोय उरली नाही, असं काही घडलं की ती त्यावर ठेवायची. वाक्प्रचाराला वाक्य लागतं, म्हणीला प्रसंग लागतो.”

साहेबाच्या भाषेतही तसंच, असं सांगून त्यांनी ‘टु क्राय ओव्हर स्पिल्ट मिल्क’ लिहिलं. सांडलेल्या दुधासाठी रडत बसणे, म्हणजे होऊन गेलेल्याचा शोक करणे. ही क्राइज, शी क्राइड, कोणालाही लावा. पण त्याच्यापुढे ‘इट इज नो यूज’ जोडून अख्खं वाक्य केलं, की झाली प्रॉव्हर्ब. मग ते एकट्या कोणाबद्दल राहत नाही, सगळ्या जगाला शहाणपण सांगतं. मला हे इतकं आवडलं की त्या संध्याकाळी मी आत्याच्या घरी जेवता जेवता सगळ्यांचं बोलणं निवडत बसले.

मी महाडला आत्याकडे राहत होते. आमचं गाव कापडे, तिथून रोज येणं होण्यासारखं नव्हतं. आत्याचं बोलणं म्हणजे दोन्ही मालांचं दुकान. “सकाळी सांगितलेलं कानाआड केलंत,” असं ती मामांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, म्हणाली, तो वाक्प्रचार. “वासरात लंगडी गाय शहाणी,” असं माझ्याकडे बघून म्हणाली, ती म्हण. मुंबईहून गणपतीला आलेला तिचा थोरला खाटेवर आडवा पडून ‘टाइम इज मनी’ म्हणायचा, तीही म्हण, फक्त प्रसंग चुकलेला. मी हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, “शिकून येडी झाली गो ही पोर.” पण हसली.

सरांच्या वर्गात हसणं वेगळं असायचं. कुडपणचा एक मुलगा आमच्या वर्गात होता. घरची गुरं, डोंगरावरची शेती, इंग्रजीची त्याला धडकी. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे; त्याने बादलीला लाथ मारणे असा अर्थ सांगितला, तेव्हा सरांनी त्याला छडी दिली. ते एक वेळ ठीक. पुढे त्याचा आजा वारला आणि तो डोकं भादरून वर्गात आला. सरांनी त्याला उभं केलं आणि गोड आवाजात विचारलं, “सो, युअर ग्रँडफादर किक्ड द बकेट?” वर्ग हसला. ज्याचं माणूस गेलं त्याच्या तोंडावर हे बोलायचं नसतं, इंग्रज लोकही बोलत नसतील, एवढं सरांना कळत होतं. कळत होतं म्हणूनच ते बोलले. मुलगा “येस सर” म्हणून खाली बसला.

म्हणींचे प्रसंग सर स्वतः सांगत आणि ते तसेच्या तसे पाठ करावे लागत. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ याचा त्यांचा प्रसंग असा होता: खेड्यातील एका अडाणी शेतकऱ्याचा मुलगा परीक्षेत नापास झाला, तेव्हा लोक म्हणाले, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वर्गातली निम्मीअधिक मुलं अशाच शेतकऱ्यांची. सगळी एका सुरात म्हणायची, आणि सर टेबलावर बोटांनी ताल धरायचे. मीही म्हणायचे. पाढ्यासारखं म्हटलं की त्याचा अर्थ लागत नाही.

अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, प्रिलिममध्ये माझं इंग्रजी थोडक्यासाठी घसरलं. बाकीचे विषय ठीक होते. अशा काठावरच्या मुलांना मॅट्रिकला बसवायचं की थांबवायचं, हे सरांच्या शब्दावर होतं. माझ्या बाबतीत थांबवणं म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्यासाठी एक स्थळ चालून आलं होतं, घर खाऊनपिऊन सुखी होतं, आणि बाबांनी त्यांना कसंबसं थोपवून धरलं होतं. या वर्षी मॅट्रिक झाले तर पुढे शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं. नाही बसले तर वैशाखात लग्न. पुढचं वर्ष म्हणून काही नव्हतंच.

सरांनी बाबांना बोलावलं. बाबा कापड्याहून पोलादपूरला चालत आले, तिथून एस.टी.ने महाडला, खांद्यावर सरांसाठी नव्या तांदळाचं गाठोडं. सरांनी शिपायाला सांगून ते गाठोडं आपल्या घरी पोचतं केलं, आणि बाबांना वर्गातल्या मुलांच्या बाकावर बसायला सांगितलं. बाबांचे गुडघे त्या बाकात मावत नव्हते. ते तिरके बसले आणि टोपी मांडीवर ठेवली.

“गुरुजी, औंदा पोरीला बसवा,” बाबा म्हणाले. “म्होरल्या वर्साला मला काय जमायचं नाय. पावणं थांबत नायत.”

“पाहू,” सर म्हणाले. “तुमच्यासमोरच तोंडी घेतो. म्हणजे मागाहून बोलायला नको.”

त्यांनी आधी इंग्रजी घेतलं. ‘टु टर्न ओव्हर अ न्यू लीफ’, म्हणजे वागणं सुधारणे, वाक्यात वापर. मी म्हटलं, “माय कझिन गेव्ह अप बिडीज अँड टर्न्ड ओव्हर अ न्यू लीफ.” भावाच्या बिड्या सुटल्या नव्हत्या, पण वाक्य सुटलं. मग सांडलेलं दूध. मी ते तुकडा म्हणून वापरून दाखवलं, अख्खी म्हण म्हणूनही सांगितलं, आणि दोहोंत काय बदललं तेही सांगितलं. मराठीत ‘पालथ्या घड्यावर पाणी’ म्हण, आणि ‘ओतणे’ जोडून माणसाला लावलं की वाक्प्रचार, हे न विचारता सांगितलं. सर मान डोलावत होते. बाबांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण सरांची मान हलली की त्यांचीही हलायची.

मला वाटलं, सुटले.

तेवढ्यात सरांनी बाबांकडे पाहिलं. त्या तिरक्या गुडघ्यांकडे, मांडीवरच्या टोपीकडे. त्यांच्या तोंडावर तेच बादलीच्या वेळचं गोड हसू आलं.

“आता शेवटचं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? प्रसंग सांग.”

तो प्रसंग मला झोपेतही पाठ होता. खेड्यातील एका अडाणी शेतकऱ्याचा. शेतकरी समोर बसला होता. मला वाक्य येत नाही असं नव्हतं. ते तोंडातून निघत नव्हतं. मला संताप आला होता. तांदूळ ठेवून घेतला, बाकावर बसवलं, आणि आता माझ्याच तोंडून माझ्या बापाला अडाणी म्हणवून घ्यायचं, तेही परीक्षा म्हणून.

मी म्हटलं, “एका शाळेत मास्तरांनाच विषय धड येत नव्हता, त्यामुळे मुलं नापास झाली. तेव्हा लोक म्हणाले, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

वर्गात आम्हा तिघांशिवाय कोणी नव्हतं. तरी सरांनी इकडेतिकडे पाहिलं.

“हा प्रसंग मी दिलेला नाही.”

“पण म्हण बसते ना, सर?”

बसत होती. बसत नाही असं ते म्हणू शकले नाहीत, विषयाशी ते खोटं बोलत नसत. त्यांनी कोटाची बाही झटकली आणि बाबांकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाले, “मुलगी हुशार आहे हो तुमची. पण इंग्रजी कच्चं आहे. पुढच्या वर्षी बसवू, चांगली तयार करून.” पुढचं वर्ष नाही हे त्यांना बाबांनी नुकतंच सांगितलं होतं. बाबांनी उठून हात जोडले, पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. सर फळा पुसत राहिले.

बाबा मला गावी घेऊन निघाले, आम्ही एस.टी. स्टँडकडे चालू लागलो. माझ्या मनात अजून ऊब होती. मॅट्रिक गेलं होतं ते कळत होतं, पण बापाची मान राखली, हेही होतं, आणि बाबा त्याबद्दल काहीतरी बोलतील अशी मी वाट पाहत होते. मी म्हटलं, “बाबा, मी तो प्रसंग का बदलला म्हायती हाय?”

“हाय,” बाबा म्हणाले. “शाळेत नाय गेलो म्हून आड आनि पोहरा मला कळत नाय व्हय? तो मला बोलत व्हता. तू त्याला बोललीस.”

“मग?”

ते चालायचे थांबले. माझ्यावर इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“मग काय? बोलायचं व्हतंस त्याला हवं ते. माझ्या अंगाला काय भोकं पडनार व्हती? मी त्या बाकड्यावर कशापायी बसलो व्हतो? मी अडानी हाय, ह्ये समद्या तालुक्याला म्हायती हाय. त्ये एकदा तुझ्या तोंडानं बोलून तू मास्तरीन व्हनार व्हतीस. माझी लाज तू राखायची नव्हती, पोरी. ती मी दिली व्हती तुला, खर्चायला.”

गाडी लागलेली होती, आणि लोक चढत होते. बाबांनी मला पुढे घातलं, खिडकीशी बसवलं, आणि शेजारी टेकले. गाडी गावाबाहेर पडल्यावर, रस्त्याकडे बघतच ते म्हणाले, आणि या खेपेला चिडून नाही.

“सासरी तुझ्या बापाचा उद्धार करतील. समद्या सुनांच्या बापाचा करतात. तिथं तरी गप ऱ्हा.”