छत्तीस जोड्या

सातवीत असताना माझं गणिताचं उत्तर बरोबर आलं होतं. पायऱ्या लिहिल्या नव्हत्या, म्हणून गुरुजींनी ते चोरलेलं ठरवलं आणि वर्गासमोर शून्य दिलं. मी शाळाच सोडली. पुढं आदिलाबादच्या बाजारात भाजीचं दुकान उभं केलं, घासाघीस करून. ते शून्य मात्र विसरले नाही.

म्हणून चाळिशीत मुक्त शाळेतून दहावीला बसले. रविवारी दुपारी वर्ग भरायचा. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे गोल फरशीवर उतरत आणि हळूहळू सरकत जात. एका रविवारी सरावाची पत्रिका परत मिळाली. दोन फासे टाकले तर बेरीज सात येण्याची संभाव्यता किती? मी लिहिलं होतं : एक अकरांश. मॅडमनं शून्य दिलं होतं, शेजारी लाल शेरा : नमुना अवकाश लिहिला नाही.

माझं डोकंच फिरलं. ‘‘काऊन कापले मार्क? बेरजा दोनपासून बारापर्यंत, अकरा होतात. त्यातली सात एक.’’

‘‘मावशी, मंडईत भांडा,’’ मॅडम हसली. माझ्या पोरीच्या वयाची होती. ‘‘इथं आधी सगळ्या शक्यता लिहून दाखवा. एक फासा लाल धरा, एक निळा.’’

‘‘निदान अर्धा तरी द्या.’’

‘‘लिहा.’’

रागानंच बसले. लाल एक, निळा एक. लाल एक, निळा दोन. सहा झाले की खालची ओळ. दुसऱ्या ओळीत राग होता, चौथीत नव्हता. पंखा संथ फिरत होता. शेतातल्या पराटीच्या तासांसारख्या सरळ ओळी कागदावर उगवत होत्या आणि मी त्यांच्यामधून अनवाणी चालत होते. सहा ओळी, छत्तीस जोड्या.

मग सात शोधले. एक-सहा, दोन-पाच, तीन-चार, चार-तीन, पाच-दोन, सहा-एक. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रांग. सहा. आणि दोनची बेरीज? फक्त एक-एक. मी वांग्यांचे वाटे मांडावेत तसे अकरा वाटे मांडले होते; प्रत्येकात किती, ते पाहिलंच नव्हतं.

‘‘छत्तीसात सहा. एक षष्ठांश,’’ मी म्हणाले. आवाज माझाच वाटेना.

‘‘आता बोला, किती कापू?’’

‘‘शून्य राहू द्या. दुसरी पत्रिका द्या.’’

तिच्यात पत्ते होते : लाल राजा येण्याची संभाव्यता. मी बदामचा एक्का लिहिला, मग दुर्री, मग तिर्री.

‘‘मावशी, बावन्न लिहायची गरज नाही. नुसतं एकूण बावन्न लिहिलं तरी चालतं.’’

‘‘लिहू द्या मॅडम.’’

उन्हाचे गोल भिंतीवर चढले, वर्ग रिकामा झाला. बावन्नच्या बावन्न पत्ते लिहिले, दोन लाल राजांना गोल केला. बावन्नात दोन, म्हणजे एक सव्वीसांश. गुरुजींना माफ केलं नाही. सातवीतलं ते उत्तर माझंच होतं. पण या वेळी कागदावर सगळं होतं, आणि चोरलं म्हणायला कुणाला जागा नव्हती.