टाकी कुणाची

आमच्या वडिलांचा कायदा फार सोपा होता. आपल्या जमिनीत जे रुतलं, ते आपलं. वाटेकऱ्यानं बांधावर आंबा लावला तरी आंबा मालकाचा, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. त्यामुळे नारायणगावजवळ पुणे-नाशिक रस्त्याला लागून असलेला आमचा तुकडा पेट्रोल कंपनीनं वीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतला आणि त्यात लोखंडी टाकी पुरली, तेव्हाच वडिलांनी मनातल्या मनात ती आपल्या नावावर चढवून टाकली.

पंप चालवायला कंपनीनं जुन्नरच्या एका व्यापाऱ्याला नेमलं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. भाडं वडिलांना आणि जाच चाचांना, अशी वाटणी होती. दुसऱ्या कंपनीचं तेल ठेवायचं नाही, टाकी कोरडी पडू द्यायची नाही, पंपापाशी कुणाला विडी ओढू द्यायची नाही. यातली शेवटची अट सगळ्यात अवघड, कारण वडील. ते रोज सकाळी पंपावर जाऊन बसत आणि विडी काढली की चाचा त्यांना रस्त्यापलीकडं पाठवत. आपल्याच रानातून हाकलला जाणारा मालक म्हणून गाव हसायचं. तरी दुसऱ्या दिवशी स्वारी तिथंच.

एकोणीसशे पन्नास साल उलटलं आणि वीस वर्षांची मुदत संपत आली. नवा करार करायला कंपनीचे साहेब आले, तर वडिलांनी भाडं एकदम तिप्पट सांगितलं. साहेब गेल्यावर मी वडिलांना म्हणालो, "दादा, जरा बेतानं घ्या. ते दुसरी जागा बघतील."

"बघू दे की. टाकी आपल्या रानात हाय. जात्यात कुठं?"

ते गेले अर्ध्या फर्लांगावर. तिथं एकाची जागा भाड्यानं घेतली, परवाना आणला आणि आमची मुदत संपताच टाकी उकरायला माणसं पाठवली. तीच टाकी तपासून नव्या जागेत बसवायची होती. पंप चाचांकडंच राहणार होता, पण टाकी हलेपर्यंत विक्री बंद.

वडिलांनी घरून खाट नेली आणि टाकीच्या वर टाकून तिच्यावर बसले.

मी जुन्नरहून वकिलांना आणलं. वकिलांनी समजावलं, "आंब्याचा कायदा इथं लागू नाही. टाकी कंपनीचीच राहील, मुदत संपल्यावर कंपनीनं ती काढून न्यायची, खड्डा बुजवायचा आणि जमीन सपाट करून द्यायची, असं ठरलंय. खाली तुमचीच सही आहे."

"सही केली तवा टाकी कुठं पुरली व्हती?" वडील म्हणाले.

वकील परत गेले. कंपनीच्या माणसांनी तोवर उरलेलं पेट्रोल उपसून घेतलं आणि आत साठलेला वायू निघून जावा म्हणून टाकी पाण्यानं काठोकाठ भरली. वडील भलतेच खूश झाले. "बघा, पानी ऱ्हातंय. जनावरांची बारमाही सोय झाली."

"म्हशी पेट्रोल पिऊन नाशकाला पळाल्या, तर आणायला कोन जाईल?" आई म्हणाली.

खाट काही हलली नाही. मोटारवाले पेट्रोलला मंचरला जायला लागले. एके सकाळी चाचा आले आणि खाटेच्या कडेला टेकले. टाकीच्या या भांडणात ते पहिल्यांदाच बोलले.

"भाऊ, टाकी निघाली तर मी अर्ध्या फर्लांगावर जाईन. न्हाई निघाली तर घरी जाईन. दुसरी टाकी म्हमईहून यायला लई महिने लागत्यात. तवर मी इकू काय, आन पोरं खातील काय?"

वडील एकदम सरळ बसले. "हे आदी का न्हाई सांगितलं?"

"तुमी जागंचे मालक. मी कंपनीचा मानूस. तुमच्या भाड्यात मी कसं बोलू?"

वडिलांनी खाट स्वतः उचलली. दुपारपर्यंत टाकीतलं पाणी उपसून झालं, तीन वाशांची तिवई उभी राहिली, साखळ्या करकरल्या आणि चिखलानं माखलेली टाकी वर आली. ती आमच्या देखत निघून गेली, आणि मला वडिलांची कीव आली हे खरं. कंपनीनं बोलल्याप्रमाणं खड्ड्यात मुरूम भरला, वर काळी माती टाकली, फळी फिरवून रान सपाट केलं. तिथं कधी काही होतं असं वाटेना.

साहेबांनी ताबापावती वाचून दाखवली. जमीन पूर्ववत करून मिळाली, कसलीही तक्रार नाही. वडील रस्त्याकडं बघत होते. तिकडं चाचा नव्या जागेच्या मालकाला हातवारे करून काहीतरी दाखवत होते, आणि तो मान डोलवत हसत होता.

"जमीन मिळाली, ते खरं हाय," वडील म्हणाले. "पन तक्रार न्हाई कसं म्हनू?"

साहेब दचकले. "कुणाबद्दल तक्रार आहे?"

"माझ्याबद्दलच हाय," वडील म्हणाले, आणि त्यांनी सही केली.