बावीस टक्क्यांची ठुशी

लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात माझी मोठी बहीण मुदखेडहून आली ती दोन कॅन पाणी आणि रुमालात बांधलेल्या दोन पाटल्या घेऊन. कॅन मी आधी आत नेले. पाटल्यांकडे नंतर पाहिलं.

तिच्या मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर होतं. मेहुणे रेल्वेत कारकून. साठवलेली रोकड मंगल कार्यालयाने खाल्ली, कारण त्या वर्षी कार्यालयवाले हॉलचं भाडं वेगळं आणि टँकरचे पैसे वेगळे घेत होते. वऱ्हाडाने हात धुवायचे तर त्याचाही दर होता. त्यामुळे मुलीचं सगळं सोनं अक्काच्या या पाटल्यांमधूनच निघायचं होतं. नांदेडच्या विहीणबाईंनी निरोप धाडला होता: आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला हौसेनं घाला, फक्त ठुशी हातघडणीची असावी. काही नको म्हणणाऱ्यांची यादी नेहमी एवढीच छोटी असते.

"दोन तोळ्याची ठुशी आन् दोन तोळ्याच्या बांगड्या," अक्का म्हणाली. "चार तोळे पोरीच्या अंगावर दिसलंच पाहिजे. एक गुंजही कमी न्हाई."

"आणि वर रोख किती देणार?"

"रोख कुठली?"

म्हणजे हिशेब सोपा होता. घडणावळ जितकी जास्त जाईल तितकं सोनं पोरीच्या गळ्यातून कमी होणार.

आमचे सराफ वडिलांच्या वेळेपासूनचे. कपाळाला विभूती, गादीवर पांढरीशुभ्र खोळ आणि बोलणं तुपातलं. सराफांचा मोठा बंद नुकताच मिटला होता, गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, त्यामुळे आमचं स्वागत जरा जास्तच प्रेमाने झालं. पाणी मात्र विचारलं नाही, चहा विचारला. त्या उन्हाळ्यात चहा हेच पाणी वाचवणारं पेय होतं.

पाटल्या माझ्या डोळ्यांसमोर वितळवल्या. अक्का दुसरीकडे बघत बसली, मी मुशीकडे बघत बसले. कुणीतरी बघायला हवं होतं. टंच काढून, म्हणजे शुद्धता तपासून, बावीस कॅरेटच्या हिशेबाने साडेचार तोळे भरलं. वितळताना जी तूट आली ती आलीच. वर पुन्हा "घट" म्हणून वजा करायला निघाले तेव्हा मी म्हटलं, "शेटजी, जे जळायचं ते आत्ता जळलं. कागदावर परत जाळू नका." त्यांनी हसून खोडलं. हसणाऱ्या सराफापासून मी नेहमीच सावध असते.

मग ठुशी आली. निळ्या मखमलीवर ठेवलेली, घट्ट ओवलेल्या बारीक मण्यांची, चिठ्ठीवर "हातघडण". वजन वीस ग्रॅम. बांगड्या मशीनच्या, त्याही वीस ग्रॅम.

"ठुशीला बावीस टक्के घडणावळ, बांगड्यांना चौदा," शेटजी म्हणाले.

मी आकडेमोड केली. कर धरून आमच्या सोन्याच्या वर जवळपास आठ हजार. म्हणजे चार तोळे गेले, पावणेचार झाले. अक्काचा चेहरा विहिरीसारखा खाली गेला. त्या साली सगळ्याच विहिरी तशा होत्या.

"टक्क्यांत कशाला?" मी विचारलं. "ग्रॅमवर सांगा. सोनं महाग झालं की कारागिराचे हात जास्त दुखायला लागतात का?"

"आता सगळीकडं असंच हाय, ताई. मोठ्या शोरूमचा पॅटर्न. उद्या उदगीर जिल्हा झाला की आम्हीही तिथं शोरूम टाकणार."

उदगीर जिल्हा होणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकत होते. होईलही. कलेक्टरला अंघोळीला पाणी कुठून आणायचं तेवढं ठरायचं होतं.

"ठुशीचं बावीस जास्त आहे," मी म्हटलं.

"बरं, तुमच्यासाठी अठरा."

इथे मी थांबले. चार टक्के, आणि एवढ्या पटकन. चहा गार व्हायच्या आत. खऱ्या हातकामाच्या दागिन्यावर चार टक्के सोडायला सराफाला घाम फुटतो, कारण तो पैसा त्याचा नसतो. बसून मणी घडवणाऱ्या माणसाचे दिवस असतात ते.

"शेटजी, अगदी हुबेहूब अशीच दुसरी आहे का? भाचीच्या मैत्रिणीला हवी आहे."

मैत्रीण वगैरे कुणी नव्हती. शेटजींनी उत्साहाने अख्खा ट्रे पुढे केला. पाच ठुश्या, पाच जुळ्या बहिणी. मी गादीवरचं भिंग उचललं. प्रत्येक मणी शेजारच्यासारखा, प्रत्येकाचा जोड बरोब्बर मधोमध. हाताने केलेल्या मण्यांमध्ये एखादा तरी सकाळी भांडण करून आलेला असतो. इथे सगळे गणवेशात होते.

"कारागिराचा हात फारच सारखा चालतो," मी म्हटलं.

शेटजींनी पंख्याकडे पाहिलं. "मणी डायचे हायेत, साच्यातले. ओवणी हाताची हाय."

"मग चिठ्ठीवर अर्धंच लिहा की."

अक्का माझा पदर ओढत होती. "गे, वडिलांपासूनचं दुकान हाय. कशाला भांडतीस?" वडिलांपासून हे दुकान किती मिळवत आलं असेल हा विचार तिच्या मनात आला नव्हता. माझ्या आला.

"भांडत नाही. पाच मिनिटांत येते," म्हणून मी तिला मागच्या बोळात नेलं. तिथे एक म्हातारे सोनार बसत. आम्ही त्यांना मामाच म्हणत असू. माझ्या कानातल्याचा फिरकीचा पेच त्यांनी किती वेळा बसवून दिला होता. आत फुकणी, चिमटे आणि छताला टेकलेला उकाडा.

मी शेटजींच्या ठुशीचं सरळच विचारलं. मामांनी पुढ्यातलं पाकीट उघडून दाखवलं. आत चमचाभर सोन्याचे मणी.

"हे मुंबईहून येतात, तयार. मी ओवतो. एका ठुशीला दीड दिवस. दुकान मला ओवणीचे दीड हजार देतं, ते पण तगादा लावल्यावर."

"आणि पूर्ण हातघडणीची करायची झाली तर?"

"पत्रा काढायचा, वाट्या ठोकायच्या, जोडायच्या, घासायच्या, मग ओवायचं. बारा दिवस धरा. वीस टक्क्यांच्या खाली मी हात लावत न्हाई. आन् त्यात घासाघीस करू नका, ताई. केली तर मी न्हाई म्हणणार न्हाई, कारण उन्हाळा असा हाय. पण पत्रा पातळ होईल. चार वर्षांनी मणी चेपले की मलाच शिव्या देशाल."

इतकं स्वच्छ बोलणं मी त्या वर्षभरात कुणाकडून ऐकलं नव्हतं. पालकमंत्र्यांकडून तर नाहीच.

"मग ह्या दुकानातल्या ठुशीला किती बरोबर?" मी विचारलं.

"मण्यांची घडण, माझी ओवणी, दुकानाचं भाडं, त्यांच्या पोटाचं. तेरा-चौदा. दहा मागू नका, देणार न्हाईत आन् देऊ पण नये. बांगड्या मशीन कापतं, तिला भूक लागत न्हाई. तिथं आठपर्यंत जोर लावा."

बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "मग हातघडणीचीच करू. विहीणबाईंनी सांगितलंय. पोरीला आयुष्यभर ऐकवतील."

"करू या. वीस टक्के दे, ठुशी अठरा-एकोणीस ग्रॅमची कर. पोरीच्या अंगावर चार तोळे राहणार नाहीत, पण विहीणबाईंचं समाधान राहील. किंवा ही घे आणि खरं सांग."

"आन् त्या बोलल्या तर?"

"बोलणं फुकट असतं, अक्का. त्यावर घडणावळ नाही."

ती चप्पल घासत उभी राहिली, मग दुकानाच्या दिशेने चालू लागली. तिने आयुष्यात घेतलेल्या निर्णयांपैकी हा सर्वांत झटपट होता.

दुकानात मी सोन्याच्या दराबद्दल अवाक्षर काढलं नाही. तो पाटीवर लिहिलेला होता आणि लातूरसाठी वेगळा होत नाही. करावर बोलले नाही, हॉलमार्कच्या शुल्कावरही नाही. तिथे घासाघीस करणारे लोक मी पाहिलेत. ते शेवटी एक बटवा जिंकून आनंदाने घरी जातात आणि घडणावळीकडे बघायचं विसरतात. मी फक्त तीन गोष्टींवर अडून बसले: ठुशीचे टक्के, बांगड्यांचे टक्के आणि गोंडा.

"गोंड्याचा काय विषय?" शेटजी दचकले.

"ठुशी गोंड्यासकट तोलली तुम्ही. रेशमाला सोन्याचा भाव देणारं माझं घराणं नाही."

गोंडा आणि दोऱ्याचं वजन वजा केलं. तेवढे मणी घालून मामांनी परत वीस भरून द्यायचे ठरले. ठुशी चौदा टक्क्यांवर आली, बांगड्या आठवर, घट त्यातच, आणि पावतीवर "डायचे मणी, हाताची ओवणी" असं मी लिहून घेतलं. ते लिहिताना शेटजींचं पेन दोनदा अडलं. पेनाचाही उन्हाळा होता. सगळं धरून अक्काच्या सोन्यातून शंभराच्या वर काही रुपये उरले. ते शेटजींनी अत्यंत आदराने परत केले. बटवाही दिला.

आठवड्याने साखरपुड्याला विहीणबाई आल्या. भक्कम बाई, हातात जाड गोठ. त्यांनी ठुशी तळव्यावर घेऊन जोखली, डोळे बारीक केले.

"हातघडणीची हाय ना?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि मला न विचारता म्हणाली, "ओवणी हाताची, मणी मशीनचे. वीस ग्रॅम निव्वळ, गोंडा सोडून. चौदा टक्के पडले. पावती हाय."

विहीणबाईंनी पावती खरंच मागितली. वाचली. परत वाचली.

"चौदा?" त्या म्हणाल्या. "आम्ही आमच्या पोरीला घातलेली ठुशी पंचवीस टक्क्यांची हाय."

ती त्यांच्या मुलीच्या गळ्यातच होती. मी जवळ जाऊन पाहिली. मणी सगळे गणवेशात, जोड मधोमध. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं, असं घरचे म्हणतात.

जेवणाआधी त्या मला बाजूला घेऊन गेल्या. भाचीला ऐकवायचं राहूनच गेलं.

"ताई, उद्या माझ्यासंगं नांदेडच्या सराफ्यात येता का? बोलू त्याच्याशी. काही परत देईल."

"पावतीवर हातघडण लिहिलंय?"

"न्हाई. नुसतं ठुशी लिहिलंय."

"मग जाऊन उपयोग नाही. परत नेली तर तो सोन्याचे पैसे देईल, त्या दिवसाच्या भावाने, गोंडा काढून. घडणावळ कुणी परत देत नाही. ती गेली."

त्या गोठ फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "धाकट्याचं लग्न पुढच्या साली हाय."

"पाणी आलं तर येईन," मी म्हटलं, आणि हात न धुताच आम्ही दोघी पंगतीला बसलो. तिथे कागदी रुमाल ठेवले होते, माणशी एक.